कूलरच्या बॉडीला करंट येऊ नये म्हणून: पंप आणि पंख्याचं वायरिंग मुळापासून

उन्हाळ्याच्या तोंडावर दुरुस्तीला येणाऱ्या कूलरमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "प्लग उलटा लावला की करंट लागत नाही." हे वाक्य ऐकलं की मी तो कूलर पुन्हा सुरू करू देत नाही. दोन पिनांचा प्लग उलटा लावल्यावर बिघाड जात नाही, फक्त त्याची जागा बदलते. मोटारीच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन एका टोकाशी खराब झालेलं असतं. त्या टोकाला फेज आली की बॉडीवर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट येतात. तेच टोक न्यूट्रलच्या बाजूला गेलं की बॉडीवर थोडेच व्होल्ट उरतात आणि हाताला काही जाणवत नाही. पण प्लग उलटला की कूलरचं बटणही न्यूट्रलच्या वायरवर जातं. मग कूलर बंद दिसतो, आणि तेव्हा आतली फेज मात्र मोटार आणि पंपापर्यंत जिवंत असते. नेमकं त्याच वेळी कोणीतरी टाकीत हात घालून पंपाची जाळी साफ करत असतं.

म्हणून जुना लोखंडी डेझर्ट कूलर पुन्हा वायर करताना एकच गोष्ट साधायची आहे: आत कुठेही गळती झाली, तरी माणसाचा हात लागण्याआधी वीज आपोआप तुटली पाहिजे. पुढचं सगळं काम त्याभोवती फिरतं. उदाहरणासाठी १८ इंची पंखा, १८० वॅटची तीन वेगांची मोटार आणि २० वॅटचा पाण्यात बुडणारा पंप घेऊ. एकूण २०० वॅट म्हणजे साधारण एक अँपिअर. विजेच्या दृष्टीने भार किरकोळ आहे, अडचण पाण्याची आहे.

एमसीबी असूनही शॉक का बसतो

ओल्या हातापायांचा माणूस विजेला जेमतेम एक-दोन हजार ओहमचा अडथळा देतो. २३० व्होल्टला म्हणजे शंभर-दोनशे मिलिअँपिअर प्रवाह छातीतून जाऊ शकतो, आणि जीव जायला तेवढा पुरतो. ६ अँपिअरच्या एमसीबीला हा प्रवाह दिसतच नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही.

अर्थिंग असेल तर? अर्थिंग हवंच, पण एकट्या अर्थिंगवर विसंबू नये. समजा, जमिनीतल्या अर्थिंगचा अडथळा २० ओहम आहे, आणि घरगुती अर्थिंगला तेवढा असणं नवल नाही. फेज थेट बॉडीला चिकटली तर साडेअकरा अँपिअरच्या आसपास प्रवाह जमिनीत जाईल. ६ अँपिअरचा एमसीबी त्यावर लगेच पडत नाही, तापून पडायला त्याला वेळ लागतो. तोवर बॉडीवर जवळपास पूर्ण व्होल्टेज उभं असतं. ओल्या पंपाची गळती तर बहुतेक वेळा याहून कितीतरी कमी असते, आणि तिच्यावर एमसीबी कधीच पडणार नाही.

ही उणीव आरसीसीबी भरून काढतो. काही जण त्याला जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत येतोय का, हे तो सतत पाहत असतो. फरक पडला की दोन्ही वायरी तोडतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचाच हवा. बोर्डावर आरसीसीबी दिसतो म्हणून निश्चिंत होऊ नका, त्यावरचा आकडा वाचा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा असेल तर तो आगीपासून बचावासाठी आहे, तुमच्या हृदयासाठी नाही.

अर्थिंग आणि आरसीसीबी एकमेकांना पूरक आहेत. अर्थिंग नसेल तरी आरसीसीबी पडतो, पण गळतीला वाट मिळते ती माणसातून, म्हणजे आधी शॉक आणि मग ट्रिप. अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच वाट मिळते आणि कूलर चालू करतानाच वीज तुटते. आपल्याला हा दुसरा प्रकार हवा आहे. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आली, तर आरसीसीबीला काहीच कळत नाही, कारण जितकं गेलं तितकं परत आलेलं असतं. म्हणून उघडी वायर कुठेच राहू द्यायची नाही.

सुरुवात सॉकेटपासून

कूलर उघडण्याआधी तो ज्या सॉकेटला लागणार आहे ते तपासा. थ्री-पिन सॉकेटसमोर उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल सुमारे २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थ ८०-१२० असं अधांतरी दिसलं, तर अर्थिंगची वायर कुठेतरी तुटलेली आहे.

माप बरोबर आलं तरी अर्थिंग दणकट आहे असं होत नाही. मल्टिमीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे गंजलेला, केसाएवढा टेकलेला जोडही त्याला चांगला वाटतो. बोर्डाचं काम परवानाधारक वायरमनकडून करून घेताना अर्थ लूपचं, म्हणजे फेजपासून अर्थमार्गे परत येणाऱ्या पूर्ण वाटेच्या अडथळ्याचं मापही घ्यायला सांगा. त्याच वेळी त्या सॉकेटच्या सर्किटवर ६ अँपिअरचा एमसीबी आणि दोन पोलचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. आरसीसीबीच्या पुढची न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमध्ये मिसळू द्यायची नाही, नाहीतर काही बिघाड नसताना तो पडत राहतो. मग वैतागून कोणीतरी त्याला बायपास करतं.

अर्थिंगच मिळत नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थची पिन एकत्र जोडण्याचा प्रकार सर्रास दिसतो. असं कधीही करू नका. मागे कुठे न्यूट्रल तुटली, की फेज मोटारीतून न्यूट्रलवर आणि तिथून त्या तुकड्यावाटे कूलरच्या बॉडीवर येते. कूलरमध्ये काही बिघडलेलं नसताना सगळी बॉडी जिवंत होते.

जुनी मोटार आणि पंप आधी तपासा

खराब मोटारीला नवं वायरिंग करण्यात अर्थ नाही. प्लग काढून मोटारीच्या सगळ्या वायरी सोडवा. कपॅसिटरची दोन टोकं हात लावण्याआधी एखाद्या रेझिस्टरने किंवा बल्ब लावलेल्या होल्डरच्या वायरींनी डिस्चार्ज करा, कारण प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो.

इथे साधा मल्टिमीटर पुरत नाही. त्याची बॅटरी काही व्होल्टची असते आणि ओलसर इन्सुलेशनचा कमकुवतपणा तेवढ्या व्होल्टला उघडा पडत नाही. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशनचा अडथळा मोजणारं यंत्र लागतं. मोटारीच्या सगळ्या वायरी एकत्र पिळून एका टोकाला, मोटारीचं रंग खरवडलेलं लोखंड दुसऱ्या टोकाला. एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर मोटार वापरू नका. दमट जागेत वर्षभर पडलेली मोटार दोन दिवस कडक उन्हात वाळवून पुन्हा मोजली, तर कधी कधी आकडा सुधारतो. नाही सुधारला तर ती रिवाइंडिंगला.

पंप कोरडा मोजून काहीच कळत नाही. भेग असलेला पंपही कोरडा असताना उत्तम आकडा दाखवतो. प्लास्टिकची बादली पाण्याने भरा, पंप पूर्ण बुडवा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी पंपाच्या फेज-न्यूट्रल वायरी एकत्र करून मेगरच्या एका टोकाला लावा आणि दुसऱ्या टोकाची उघडी तांब्याची वायर बादलीच्या पाण्यात सोडा. पाणी इथे अर्थचं काम करतं. पंपाच्या वायरींची टोकं मात्र पाण्याबाहेर आणि कोरडी हवीत. यात एक मेगाओहमच्या खाली गेलेला पंप फेकून द्यायचा. मेण, एम-सील किंवा टेप लावून पंप वाचवणारे मी बरेच पाहिले आहेत. तो लेप गरम-थंड होताना पुन्हा सुटतो, आणि सुटल्याचं बाहेरून दिसत नाही.

नवा पंप घेताना तीन वायरींचा घ्या. दोन वायरींच्या पंपात गळती झाली, तर अर्थपर्यंत जाणारी वाट टाकीच्या पाण्यातूनच शोधावी लागते.

जोडपेटी कुठे बसवायची

कूलरमधल्या बहुतेक बिघाडांचं मूळ जोडाच्या जागेत असतं. पंपाची वायर आखूड पडते, कोणीतरी टाकीच्या काठाशीच ती पिळून काळी टेप गुंडाळतो आणि तो जोड कधीतरी पाण्यात घसरतो. इन्सुलेशन टेप पाणी अडवण्यासाठी नसते. तिच्या थरांतून पाणी आत जातं आणि आतच साठून राहतं.

नियम साधा ठेवा: टाकीत, टाकीच्या काठावर आणि पॅडमागे एकही जोड नाही. सगळे जोड एकाच प्लास्टिकच्या जोडपेटीत, पुढच्या पंख्याच्या बाजूला, आतल्या भिंतीवर, टाकीच्या कमाल पाणीपातळीपेक्षा निदान फूटभर वर. वरच्या पाणी वाटणाऱ्या नळीच्या किंवा ट्रेच्या थेट खाली नको, कारण तिथून सतत थेंब गळतात. आयपी ५५ दर्जाची झाकण-रबर असलेली पेटी घ्या आणि सगळ्या केबल तिच्या तळातून ग्लँडमधूनच आत घ्या. वरून किंवा बाजूने भोक पाडलं, तर पाणी केबलवरून ओघळत थेट टर्मिनलवर येतं.

त्यासाठीच पेटीत शिरण्याआधी प्रत्येक केबलला खाली लोंबणारा वळसा द्या. केबल आधी पेटीच्या खाली जाते आणि मग वर चढून आत शिरते. ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जातं. भिंतीवरच्या सॉकेटकडे जाणाऱ्या मुख्य केबललाही हाच वळसा हवा, नाहीतर कूलरचं पाणी केबलवरून चालत सॉकेटपर्यंत पोहोचतं. पत्र्यातून केबल जाते तिथे रबरी बुश बसवा. पत्र्याची धार आणि पंख्याची थरथर मिळून एका हंगामात इन्सुलेशन कापतात.

मुख्य केबल तीन कोअरची, तांब्याची, १ चौरस मिमीची, बाहेरून जाड आवरण असलेली घ्या. एक अँपिअरसाठी याहून बारीकही चालली असती. पण ही केबल ओढली जाते, पायाखाली येते आणि अर्थिंगची वायरही तिच्यातच असते. फेजसाठी लाल किंवा तपकिरी, न्यूट्रलसाठी काळी किंवा निळी, अर्थसाठी हिरवी किंवा हिरवी-पिवळी. प्लगमध्ये आणि पेटीतही अर्थची वायर बाकी दोघींपेक्षा दोन सेंटिमीटर लांब ठेवा. केबल ओढली जाऊन टर्मिनलमधून सुटलीच, तर फेज आधी सुटेल आणि अर्थ शेवटी.

अर्थिंग: रंगावर नाही, लोखंडावर

पेटीतल्या अर्थच्या टर्मिनलपासून चार वायरी निघतील: बॉडीला, पंख्याच्या मोटारीला, टाकीला आणि पंपाच्या हिरव्या वायरीला. बॉडीवर जिथे लग बसवायचा तिथला रंग चकाकतं लोखंड दिसेपर्यंत खरवडा. क्रिंप केलेला लग, त्यावर दातेरी वॉशर, मग नट आणि तो थरथरीने सुटू नये म्हणून वर दुसरा नट. शेवटी वरून पेट्रोलियम जेली फासा. घट्ट करून झाल्यावरच फासायची, म्हणजे लोखंड लोखंडाला भिडलेलं राहतं आणि गंज बाहेरच अडतो. पत्र्याच्या स्क्रूखाली वायर गुंडाळून काम भागवू नका, तो पहिल्याच हंगामात ढिला होतो.

एक गोष्ट सहज निसटते. डेझर्ट कूलरच्या तीन बाजूंच्या पॅडच्या चौकटी नुसत्या हुकात अडकवलेल्या असतात आणि त्यांना जाड रंग असतो. मुख्य बॉडीला अर्थिंग असलं तरी या चौकटी त्याला जोडलेल्या असतीलच असं नाही, आणि माणसाचा हात बहुतेक वेळा यांनाच लागतो. प्रत्येक चौकटीला बॉडीपासून वायरचा छोटा लवचिक तुकडा द्या, चौकट काढता येईल एवढा लांब.

प्लास्टिक बॉडीच्या कूलरमध्ये आपण सुरक्षित आहोत असा समज होतो. बॉडीला करंट येत नाही हे खरं, पण टाकीतलं पाणी अधांतरी असतं. पंप गळला तर सगळं पाणी आणि ओले पॅड जिवंत होतात, आणि आरसीसीबीला काहीच दिसत नाही, कारण गळतीला जमिनीची वाट नाही. अशा टाकीत पाण्यात बुडणारा स्टेनलेस स्टीलचा एक बोल्ट बसवून तो अर्थला जोडला, तर गळती लगेच अर्थमध्ये जाते आणि वीज तुटते. मात्र सॉकेटचं अर्थिंग खात्रीचं असेल आणि आरसीसीबी बसवलेला असेल, तरच हे करा.

बटणं कशी जोडायची

भिंतीवर, कूलरपासून हातभर लांब, कोरड्या हाताने दाबता येईल अशा जागी दोन पोलचा स्विच बसवा. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. त्यामुळे सॉकेटची वायरिंग कधी कोणी उलटी केली तरी कूलर खरोखर बंद होतो.

कूलरवर दोन बटणं पुरतात. पेटीतली फेज दोन फाट्यांत जाते. एक फाटा पंख्याच्या वेगाच्या फिरत्या स्विचला जातो आणि तिथून तीन वेगांच्या वायरी मोटारीला. दुसरा फाटा पंपाच्या स्विचला आणि तिथून पंपाला. मोटार आणि पंप दोघांची न्यूट्रल थेट पेटीत येते, मध्ये काहीही नाही. न्यूट्रलवर स्विच टाकला तरी पंप बंद पडतो, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. पंप बंद असतानाही त्याचं वाइंडिंग फेजवर लटकत राहतं. स्विचचा दांडा आणि बटण प्लास्टिकचं हवं, कारण कूलर ओल्या हातानेच हाताळला जातो. पंपाला वेगळा स्विच असल्याने दमट दिवसांत नुसता पंखा चालवता येतो, आणि टाकी रिकामी झाली तर पंप तेवढा बंद करता येतो. कोरडा चाललेला पंप तापतो आणि त्याच्या आवरणाला भेगा पडतात. आज कोरडा चालला, तर गळती पुढच्या महिन्यात दिसते.

पाणी भरण्याआधीची आणि नंतरची तपासणी

प्लग बाहेर असताना मल्टिमीटर ओहमवर ठेवा. आधी त्याची दोन टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा लक्षात ठेवा आणि तो वजा करा. आता प्लगची मोठी पिन आणि बॉडी, मोटार, टाकी, प्रत्येक चौकट असं एकेक मोजा. सगळीकडे एक ओहमच्या आत, खरं तर त्याहून बरंच कमी यायला हवं. केबल हलवत मोजा. आकडा नाचला तर कुठेतरी जोड ढिला आहे.

मग प्लगच्या दोन छोट्या पिना एकत्र करून मेगरच्या एका टोकाला आणि मोठी पिन दुसऱ्या टोकाला लावा. या वेळी कूलरची दोन्ही बटणं चालूवर हवीत. ती बंद असतील, तर स्विचच्या पुढचा फेजचा भाग मापात येतच नाही. पाणी भरून तासभर कूलर चालवा, प्लग काढा आणि तापलेल्या, ओल्या अवस्थेत हेच माप पुन्हा घ्या. खरा आकडा हाच.

निऑन टेस्टर बॉडीला लावून निकाल देऊ नका. अर्थिंग नसलेल्या बॉडीवर तो किरकोळ गळतीलाही पेटतो, आणि तुम्ही कोरड्या लाकडावर उभे असाल तर खऱ्या गळतीलाही मिणमिणतो.

आरसीसीबी पडत राहिला तर

असा एक कूलर माझ्यासमोर आला होता. नुसता पंखा तासन् तास चाले. पंप सुरू केला की वीस-पंचवीस मिनिटांनी आरसीसीबी पडायचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा वर राहायचा. घरच्यांना आरसीसीबीच खराब वाटत होता. मी आधी पंपाच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी पेटीतून काढल्या. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण न्यूट्रल अर्थला टेकलेली असेल तर स्विच बंद असूनही पंख्याच्या प्रवाहाचा काही भाग त्या वाटेने जातो आणि आरसीसीबी पडतो. पंप सुटल्यावर कूलर दोन तास व्यवस्थित चालला.

बादलीत थंड पंपाचं माप दोन मेगाओहम आलं, म्हणजे ठीक. तोच पंप बादलीत अर्धा तास चालवला, कोणालाही जवळ येऊ दिलं नाही, आणि प्लग काढून लगेच मोजलं. आकडा ०.०१ मेगाओहमवर, म्हणजे दहा हजार ओहमवर आला होता. २३० व्होल्टला ही गळती २३ मिलिअँपिअर होते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो, म्हणून तो पडत होता. पंप तापला की वायर शिरण्याच्या जागची भेग उघडायची आणि थंड झाला की मिटायची. आरसीसीबी आपलं काम अचूक करत होता. पंप बदलला, तीन वायरींचा लावला, आणि तापलेल्या अवस्थेत पुन्हा मोजल्यावर वीस मेगाओहमच्या वर आकडा आला.

हंगामात दर महिन्याला आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. ते आरसीसीबीची यंत्रणा चालते एवढंच सांगतं, अर्थिंगबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून बॉडी ते मोठी पिन हे ओहमचं माप हंगामाच्या सुरुवातीला आणि कूलर जागेवरून हलवला की पुन्हा घ्यायचं. पाणी भरताना, जाळी साफ करताना, पॅड बदलताना नुसतं बटण बंद करून थांबू नका. प्लग सॉकेटमधून काढून कूलरच्या वर, नजरेसमोर ठेवा आणि मगच टाकीत हात घाला.